सोळाशे मारताना कंबर दुखायली का? आधी बोटानं जागा दाखवा

सोयाबीन काढणीला आलं होतं त्या दिवसात एक पोरगं माझ्याकडं आलं, वय १८, पाथरीकडच्या एका गावातलं, पोलीस भरतीसाठी सोळाशे मीटर पळणं आणि गोळाफेकीची तयारी करणारं. खरं नाव वेगळंय, इथं आपण त्याला माऊली म्हणू. सोबत वडील होते, हातात एक्सरेचं मोठं पाकीट. मी परभणीत फिजिओथेरपी करतो आणि भरतीचं वारं सुटलं की माझ्याकडं अशी पोरं यायला लागतात, त्यामुळं पाकीट उघडायच्या आधी मी माऊलीकडंच बघत होतो. तो खुर्चीत पुढं वाकून बसला होता, दोन्ही कोपरं गुडघ्यावर टेकवून, जसं कुणी बांधावर बसून बिडी ओढतंय. मी म्हणलं, "आसा कामून बसलास रे?" तर म्हणाला, "आसं बसलं की बरं वाटतंय सर. ताठ झालो की टोचायलंय."

मग मी विचारलं, कुठं दुखायलंय ते दाखव. आता गंमत बघा, कंबर दुखणाऱ्या दहातले आठ-नऊ जण हा प्रश्न विचारला की अख्खा तळवा कमरेवरून इकडून तिकडं फिरवतात, "हे सगळंच दुखतंय" म्हणून. माऊलीनं एकच बोट लावलं. डाव्या बाजूला, बेल्टच्या रेषेत, पाठीच्या मधल्या कण्यापासून दोन बोटं बाजूला. परत विचारलं तर परत तिथंच.

हे दोन प्रकार, तळवा आणि बोट, नीट समजले तर पळताना होणाऱ्या कंबरदुखीचं निम्मं कोडं सुटतं, म्हणून आधी तळव्याचं सांगतो, तेच जास्त लोकांना असतं.

आमच्याकडं कृषी विद्यापीठाच्या रस्त्यांवर पहाटे पळणारे दोन जातीचे, एक भरतीवाली पोरं आणि दुसरे शुगरचा रिपोर्ट बघून घाबरलेले आमच्यासारखे चाळिशीतले. त्यातलेच एक गुरुजी, वय ४४, गेल्या वर्षी माझ्याकडं आले होते. त्यांचं दुखणं असं की पळायला लागलं की पहिली वीस मिनिटं काहीच नाही, मग कमरेच्या दोन्ही बाजूंना आवळल्यासारखं व्हायला लागतं, थांबून जरा खाली वाकलं की सुटतं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी थोडं जड असतं, दुपारपर्यंत विसरून जातं. पायात मुंग्या नाहीत, रात्री झोप मोडत नाही. ही झाली साधी, दमलेल्या कंबरेची दुखणी.

का होते, तर पळणं म्हणजे एका पायावरून दुसऱ्या पायावर मारलेल्या उड्या, बाकी काही नाही. प्रत्येक उडी उतरताना जमीन आपल्याला खालून जो धक्का देते तो आपल्या वजनाच्या अडीच पटीच्या आसपास असतो. म्हणजे ६० किलोचा माणूस असेल तर दर पावलाला दीडशे किलोच्या आसपास, आणि अर्धा तास पळलं की अशी पाच हजार पावलं. घाबरू नका, शरीर त्यासाठीच बनलंय, बराचसा धक्का घोटा, पोटरी, गुडघा आणि कुल्ल्याचे स्नायू पिऊन टाकतात, आणि कंबरेचं काम फक्त वरचं धड डुलू न देता धरून ठेवायचं. पण पोटरी आणि कुल्ले दमले की धड डुलायला लागतं आणि ते सावरायचं सगळं ओझं कंबरेत कण्याच्या दोन्ही बाजूंना असलेल्या स्नायूंच्या उभ्या पट्ट्यांवर येतं. विसाव्या मिनिटाला दुखायला लागतं ते त्यामुळं. पहिल्या मिनिटाला कुणी दमत नाही.

गुरुजींना मी विचारलं की किती पळता, तर म्हणाले "पाच". कधीपासून? "आधी तीन पळायचो आठवड्यातून तीनदा, दिवाळीनंतर रोज पाच." हिशोब केला तर आठवड्याला ९ किलोमीटरचे सरळ ३५ झाले, तेही पंधरा दिवसांत. वर दिवसभर खुर्ची आणि संध्याकाळी मोटारसायकलवर चाळीस किलोमीटर. मला तिथंच उत्तर मिळालं होतं. चप्पल-बूट, रस्ता, गादी हे सगळं लोक आधी विचारतात पण बहुतेक वेळा गडबड ह्या आकड्यात असते. फुफ्फुसाचा दम दोन-तीन आठवड्यांत वाढतो, स्नायूंना त्याहून जास्त वेळ लागतो आणि हाडाला तर महिने लागतात. म्हणून दम आहे म्हणून माणूस पळत सुटतो आणि मागं राहिलेलं हाड-स्नायू बोंबलतात.

आता पोश्चरचं. ह्यावर लोकांनी इतकं बोलून ठेवलंय की पळणारा बिचारा पाठ, खांदे, हनुवटी, हात सगळं एकदम सांभाळायच्या नादात लाकडासारखा होतो. मी दोनच गोष्टी बघतो. दोस्ताला सांगा की शेवटच्या राउंडला, तुम्ही पुरते दमल्यावर, बाजूनं मोबाईलवर स्लो मोशनमध्ये दहा सेकंदांचा व्हिडिओ काढ. ताजे असताना काढलेल्या व्हिडिओचा उपयोग नाही, तेव्हा सगळेच हिरो दिसतात.

पहिली गोष्ट बेल्ट. कमरेखालचं हाडाचं कडं म्हणजे एक घागर समजा, काठोकाठ भरलेली. पळताना ती साधारण सरळ राहिली पाहिजे. दमल्यावर बऱ्याच जणांची घागर पुढं कलंडते, बेल्टचा पुढचा भाग खाली जातो, ढुंगण मागं निघतं, छाती पुढं येते आणि कंबरेत खोल बाक पडतो. ह्या बाकात मणक्यांचे मागचे सांधे एकमेकांवर चेपतात, दर पावलाला. शाळेत पीटीला शिकवलेलं "छाती पुढं, पाठ ताठ" हे उभं राहायला ठीक आहे, पळताना त्याच्यामुळंच बाक वाढतो. पळताना अंग घोट्यापासून किंचित पुढं झुकलेलं असावं, अख्खं अंग एका रेषेत, कमरेतून मोडलेलं नाही. समोरून वारं आहे असं समजून पळा म्हणलं की पोरांना लगेच जमतं.

दुसरी गोष्ट पाऊल कुठं पडतंय ते. जास्त अंतर कापायच्या नादात पाऊल लांब टाकलं की टाच गुडघ्याच्या बरीच पुढं पडते, पाय सरळ काठीसारखा होतो आणि धक्का न पिता सरळ वर पाठवतो. ह्याला उपाय म्हणून "पाऊल जवळ टाक" असं सांगून काही होत नाही, कारण पळताना कुणाला ते कळत नाही. त्यापेक्षा मोजा. नेहमीच्या स्पीडला ३० सेकंद फक्त उजवं पाऊल मोजायचं आणि चारनं गुणायचं. गुरुजींची ३८ भरली, म्हणजे मिनिटाला १५२. मी सांगितलं की स्पीड तोच ठेवून फक्त ४० करा, म्हणजे १६०. एवढ्या पाच टक्क्यांनी पाऊल आपोआप आखूड होतं आणि अंगाच्या जवळ पडतं. लोक म्हणतात १८० च पाहिजे, तसं काही नाही, उंच माणसाची कमी असतात, हळू पळणाऱ्याची कमी असतात, आपल्या आकड्यात पाच ते दहा टक्के वाढवली की झालं. मेट्रोनोमचं फुकटचं ॲप मिळतं, नाहीतर हलगीचा ठेका डोक्यात धरा, काम तेच.

गुरुजींचं पळणं मी बंद केलं नाही. आठवड्याला १२ किलोमीटरवर आणलं, एक दिवसाआड, मध्ये ग्लूट ब्रिज म्हणजे उताणं पडून ढुंगण वर उचलणं, साइड प्लँक म्हणजे कुशीवर कोपर टेकून अंग वर धरणं, आणि एका पायावर टाच उचलणं. नियम एवढाच दिला की पळताना दहापैकी तीनपर्यंत दुखलं तर चालेल, पण दुसऱ्या दिवशी सकाळी कालच्यापेक्षा जास्त दुखता कामा नये. तसं झालं तर पुढच्या वेळी अंतर कमी. सहा आठवड्यांत परत २० वर आले. त्यांच्याकडं एमआरआय होता, कुणीतरी काढायला लावलेला, त्यात "डिस्क डीजनरेशन" म्हणजे मणक्यांमधल्या गादीची झीज लिहिलेलं, त्यामुळं ते पार खचले होते. मी त्यांना सांगितलं ते तुम्हालाही सांगतो. पाठ अजिबात न दुखणाऱ्या लोकांचे एमआरआय बघितले तर विशीतल्याही साधारण ३७ टक्के लोकांत हेच लिहून येतं, आणि पन्नाशीत ८० टक्क्यांत. डोक्यावरचा पांढरा केस आहे तो. आणि पळल्यानं मणके झिजतात हेही खरं नाही, २०१७ साली छापून आलेल्या एका अभ्यासात नेमानं पळणाऱ्यांच्या कंबरेच्या गाद्या न पळणाऱ्यांपेक्षा उलट जास्त भरलेल्या आढळल्या होत्या.

आता परत माऊलीकडं येतो, कारण त्याचं प्रकरण ह्या साच्यात बसत नव्हतं.

त्याचं दुखणं सात आठवड्यांचं होतं. पहिल्या आठवड्यात फक्त सोळाशे मारून झाल्यावर दुखायचं. मग तिसऱ्या राउंडला सुरू व्हायला लागलं. मग पहिल्या राउंडला. आता वॉर्म-अपलाच, आणि पालथं झोपलं तरी. हे जे दुखणं रोज जरा आधी यायला लागतं ना, ते मला आवडत नाही. दमलेला स्नायू असा वागत नाही, तो दोन दिवस आराम दिला की मागचं विसरतो. माऊलीनं मध्ये चार दिवस आराम केला, बरं वाटलं, पाचव्या दिवशी ग्राउंडला उतरला आणि पहिल्याच राउंडला परत तेच.

मी विचारलं अजून काय काय करतोस. सकाळी पाच किलोमीटर, आठवड्यातून सहा दिवस. संध्याकाळी शंभर मीटरच्या दहा स्प्रिंट. आणि गोळा? "रोज चाळीस फेकी सर." पुरुषांचा गोळा ७.२६ किलोचा, आणि गोळा फेकणं म्हणजे काय तर कंबर मागं वाकवून, पिळून, एका झटक्यात सोडणं. म्हणजे पळताना बाक पडतो तो दर पावलाला थोडा थोडा, आणि गोळ्यात तोच बाक पूर्ण ताकदीनं वर पीळ देऊन. एवढं झाल्यावर वडील हळूच म्हणाले, "आन् फवारणी बी हाय की साहेब." पाठीवर सोळा लिटरचा पंप, म्हणजे नुसतं पाणीच १६ किलो, दिवसाला वीस-बावीस पंप, आणि पंप पाठीला असला की माणूस तोल सावरायला कसा चालतो ते आपल्याला सगळ्यांना माहितीये. हे कुणी मोजत नाही. पोरगं सांगतं "मी फक्त पळतो", आणि शेतातलं काम त्याच्या लेखी कामच नसतं.

मग उभं केलं आणि पुढं वाकायला लावलं. हात जमिनीला टेकले, काही नाही. मागं वाकायला लावलं तर अर्ध्यातच थांबला, चेहरा वाकडा, आणि बोट परत त्याच जागेवर. डाव्या पायावर उभं राहून मागं वाक म्हणलं तर "नको सर" म्हणाला. ही एका पायाची तपासणी काही पक्की नाही बरं का, नुसती तेवढ्यावरून निदान होत नाही, पण वय, एक बाजू, एक जागा, मागं वाकलं की दुखणं, पुढं वाकलं की बरं वाटणं आणि रोज आधी येणं, हे सगळं एका माणसात जमलं की मला एकाच गोष्टीची शंका येते.

आपल्या प्रत्येक मणक्याच्या मागच्या बाजूला डावीकडं-उजवीकडं हाडाची एकेक बारीक पट्टी असते, वरचा सांधा आणि खालचा सांधा जोडणारी. डॉक्टर तिला पार्स म्हणतात. कंबरेचा सगळ्यात खालचा जो पाचवा मणका, तिथल्या पट्टीवर सगळ्यात जास्त ताण येतो. पत्र्याची पट्टी आपण हातात धरून मागं-पुढं वाकवत राहिलो की एका झटक्यात तुटत नाही, आधी गरम होते, मग रेघ पडते, मग तडा जातो. तसंच हे. पोरांचं हाड विशीपर्यंत पुरतं पिकलेलं नसतं आणि नेमकं त्याच वयात भरतीची तयारी, म्हणून फास्ट बोलर, जिम्नॅस्ट, कुस्तीवाले आणि आमची भरतीवाली पोरं ह्यांच्यात हे दिसतं. ह्याला स्ट्रेस फ्रॅक्चर म्हणतात, पार्सचं असेल तर रिपोर्टात स्पॉन्डिलोलायसिस असं लिहून येतं. पडलं नाही, मार लागला नाही, तरी फ्रॅक्चर. वडिलांना हेच पटेना.

"आवं पण साहेब, एक्सरेत काहीच नाही म्हणले की." खरंय, एक्सरे स्वच्छ होता. मी त्यांना पत्र्याचंच सांगितलं. पट्टी गरम झालीय तोवर फोटोत काही दिसणार का? तडा आरपार गेला की मग एक्सरेला दिसतो, तोही प्रत्येक वेळी नाही. सुरुवातीला हाडात आतून सूज असते आणि ती एमआरआयमध्ये दिसते. म्हणून मी हाडाच्या डॉक्टरांना चिठ्ठी लिहून दिली, त्यांनी एमआरआय काढायला लावला आणि पाचव्या मणक्याच्या डाव्या पार्सला सूज आणि बारीक रेघ निघाली. उजवी बाजू स्वच्छ. म्हणजे वेळेत आला होता. अशी एका बाजूची ताजी रेघ बऱ्याचदा नीट भरून येते. दोन्ही बाजूंना आरपार तडे जाऊन जुने झाले की भरून यायची शक्यता कमी होते, आणि कधी कधी मणका थोडा पुढं सरकतो. अर्थात तसं झालेलेही बरेच जण पुढं न दुखता खेळतात, त्यामुळं रिपोर्ट बघून आयुष्य संपलं असं नाही.

ह्या सात आठवड्यांत माऊलीनं जे जे केलं ते ऐकून घ्या, कारण तुमच्या गावातही हेच होतं. आधी मलम. मग बेल्ट, बेल्टनं जरा बरं वाटलं म्हणून बेल्ट लावून पळणं. मग गावातल्या एकानं पालथं पाडून कंबरेवर पाय देऊन "शीर मोकळी" केली, म्हणजे ज्या दिशेनं पट्टी तुटायलीय त्याच दिशेनं अजून एक झटका. आणि सगळ्यात वाईट म्हणजे ग्राउंडवरच्या एका सीनियरनं दिलेली दुखण्याची गोळी, पळायच्या अर्धा तास आधी, रोज. गोळीनं दुखणं झाकतं, तडा काही झाकत नाही. वर आपल्याकडचं ऊन, अंगातलं पाणी आटलेलं आणि रोजची पेनकिलर, हे तिन्ही एकत्र किडनीला झेपत नाही. एखाद्या दिवशी डॉक्टरांनी दिलेली गोळी घेणं वेगळं आणि गोळी खाऊन ग्राउंड मारणं वेगळं.

उपचार ऐकून माऊलीचा चेहरा पडला, कारण उपचार म्हणजे थांबणं. पळणं, गोळा, पंप, सोयाबीनचे कट्टे उचलणं, सगळं बंद, साधारण तीन महिने. अंथरुणावर पडून राहायचं नाही, चालायचं, घरातली हलकी कामं करायची. पहिल्या तीन-चार आठवड्यांत रोजचं वागणं न दुखता व्हायला लागलं, मग पोटाचे आणि कुल्ल्याचे व्यायाम सुरू केले, डेड बग म्हणजे उताणं पडून उलटसुलट हात-पाय लांब करणं, बर्ड डॉग म्हणजे रांगायच्या स्थितीत तेच, आणि साइड प्लँक, पण मागं वाकायचा एकही नाही. भुजंगासन, धनुरासन करू का म्हणून वडिलांनी विचारलं होतं, कुणीतरी सांगितलेलं. गुरुजींना भुजंगासनानं काही बिघडत नाही, माऊलीला त्या तीन महिन्यांत ते विष. कंबरदुखीचे व्यायाम म्हणून एकच यादी सगळ्यांना फॉरवर्ड करतात ना, तिथं हीच चूक होते.

बाराव्या आठवड्यात मागं वाकून बघितलं, काही नाही. मग पळणं सुरू केलं ते असं, एक मिनिट पळायचं, दोन मिनिटं चालायचं, असं आठ वेळा, एक दिवसाआड. सावकाश. दर आठवड्याला पळायचं मिनिट वाढवलं, चालायचं कमी केलं. गुरुजींना दिलेली तीनपर्यंतची सूट इथं नाही, हाडाच्या दुखण्यात शून्य म्हणजे शून्य, त्या जागी जरा जरी टोचलं तरी त्या दिवशी थांबायचं आणि दोन दिवसांनी मागच्या पायरीवरून सुरू. सलग वीस मिनिटं आरामात जमल्यावरच स्प्रिंट. गोळा सगळ्यात शेवटी, तोही आधी उभ्या जागेवरून, दहा फेकी, एक दिवसाआड.

पोरींचं एक वेगळं सांगायचंय, कारण आठशे मीटरची तयारी करणाऱ्या पोरी दुखणं अंगावर काढतात आणि विचारल्याशिवाय बोलत नाहीत. कंबरेच्या अगदी खाली, कुल्ल्याच्या वर एका बाजूला खोल दुखतंय, त्या पायावर उड्या मारल्या की कळ येते, आणि पाळी दोन-तीन महिन्यांपासून आली नाही किंवा लांबत चाललीय, असं असेल तर ते माकडहाडाच्या वरच्या त्रिकोणी हाडाचं स्ट्रेस फ्रॅक्चर असू शकतं. पळणं वाढलं आणि खाणं तेवढंच राहिलं, किंवा वजन कमी करायच्या नादात रात्रीचं जेवण सोडलं, वर आठवड्याचे दोन उपवास, की शरीर खर्च वाचवायला आधी पाळी थांबवतं आणि मग हाड पोकळ करतं. "पाळी बंद झाली ते बरंच झालं, प्रॅक्टिस चुकत नाही" असं एक पोरगी माझ्यासमोर म्हणाली होती. तिच्या आईला बोलावून समजावावं लागलं की पाळी थांबणं आणि कंबर दुखणं हे एकाच दुखण्याचे भाग आहेत, आणि ज्वारीच्या भाकरीबरोबर डाळ, अंडी, शेंगदाणे पोटभर नसतील तर माझ्या व्यायामानं काहीही होणार नाही.

मग दाखवायला कधी जायचं. गुरुजींसारखं तळव्याचं दुखणं असेल तर पळणं निम्म्यावर आणून दोन-तीन आठवडे बघा, कमी होत असेल तर कुठं जायची गरज नाही. एका महिन्यातही हटत नसेल तर दाखवा. वय विशीच्या आत-बाहेर, एका बोटाची जागा, मागं वाकलं की दुखतंय आणि दोन आठवडे झालेत, तर वाट बघू नका, आणि एक्सरे साफ आहे एवढ्यावर परत ग्राउंडला जाऊ नका. कळ कुल्ल्यातून गुडघ्याच्या खाली जातेय, खोकलं-शिंकलं की वाढतेय, खाली वाकलं किंवा जास्त बसलं की वाढतेय, तर ती गादीची आणि नसेची भानगड, तीही बहुतेक वेळा ऑपरेशनशिवाय बरी होते पण एकदा तपासून घ्यावी. चालताना पाऊल आपटायला लागलं किंवा चप्पल पायातून निसटायला लागली तर मात्र एक-दोन दिवसांतच.

तरण्या पोरांमधलं अजून एक दुखणं फसवतं. तीन महिन्यांपेक्षा जास्त झालेत, पहाटे तीन-चारला दुखून जाग येते, सकाळी उठल्यावर अर्धा-एक तास कंबर लाकूड झालेली असते आणि पळायला गेलं की उलट मोकळं वाटतं. पळून बरं वाटतंय म्हणून कुणी डॉक्टरकडं जात नाही. हे सांध्यांच्या वाताचं असू शकतं, त्याचे डॉक्टर वेगळे असतात, संधिवाततज्ज्ञ, आणि लवकर कळलं तर कंबर आखडून जाण्याआधी औषधं चालू होतात. आणि पाठदुखीसोबत संध्याकाळी अंगात कणकण, रात्री घाम, वजन उतरत चाललंय, असं असेल तर मणक्याचा टीबी आपल्याकडं अजूनही आहे, तो पळण्याशी जोडत बसू नका. बरगडीच्या खालून जांघेकडं लाटांसारखी कळ येतेय आणि कसंही बसलं-झोपलं तरी चैन नाही, तर तो बहुधा मुतखडा, उन्हाळ्यात पाणी न पिता पळणाऱ्यांना होतो.

आणि एक असं आहे जिथं रात्रीचे दोन वाजले असले तरी गाडी काढायची आणि मोठ्या दवाखान्यात जायचं. सायकलच्या सीटला आपला जो भाग टेकतो तिथं बधिर वाटायलंय, लघवी अडकलीय किंवा कळत-नकळत होतेय, संडासवरचा ताबा गेलाय, किंवा दोन्ही पाय लुळे वाटायलेत. नसांचा अख्खा जुडगा चेपला जातो तेव्हा असं होतं. लोक लाजेनं सांगत नाहीत, डॉक्टरला नुसतं "कंबर दुखतीय" म्हणतात आणि इंजेक्शन घेऊन घरी येतात. तिथं लाजायचं नाही, आधी लघवीचंच सांगायचं, कारण इथं काही तास उशीर झाला तरी फरक पडतो.

माऊली साडेपाच महिन्यांनी परत दाखवायला आला, ह्यावेळी एकटाच, बसनं. मागं वाकून दाखवलं, एका पायावरही. सोळाशे ५ मिनिटं ४८ सेकंदांत मारलं म्हणाला, आधीच्यापेक्षा अकरा सेकंद अजून जास्तच, पण दुखलं नाही. उजवं पाऊल तीस सेकंदांत ४४ भरायलंय हेही न विचारता सांगितलं. मी विचारलं, फवारणी कोण करतंय? "पप्पाच करायलेत. बॅटरीचा पंप आणलाय, पण पाठीवरच हाय सर, त्यांची बी कंबर दुखायली आता." म्हणलं पुढच्या वेळी त्यांना घेऊन ये, आणि पंप निम्माच भरा म्हणावं.